कोरड्या थंडीत उडणारे केस : यवतमाळ जिल्ह्यातील एका शाळकरी मुलीचे प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात नववीत शिकणाऱ्या मुलीची ही तक्रार आहे. तिचे केस कमरेपर्यंत लांब, सरळ आणि बारीक पोताचे आहेत. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की तिचे केस उडायला लागतात आणि डिसेंबर-जानेवारीत हा त्रास फार वाढतो. न्हाल्यानंतर आई अंगणात बसवून तिच्या दोन वेण्या घालते तेव्हा केस हातात येत नाहीत. फणीबरोबर वर उठतात, गालाला आणि मानेला चिकटतात, आणि एक वेणी होईपर्यंत दुसऱ्या बाजूचे केस पुन्हा विखुरतात. शाळेत पोचल्यावर तोंडाला बांधलेला स्कार्फ सोडताना बारीक चर्र असा आवाज येतो आणि भांगाच्या दोन्ही बाजूंचे केस सरळ उभे राहतात. संध्याकाळी स्वेटर डोक्यावरून काढतानाही तसेच होते. अंधार असेल तर त्यात निळसर ठिणग्याही दिसतात.

घरात या त्रासाची तीन वेगवेगळी कारणे सांगितली जात होती. आईला वाटत होते की केस गळून पातळ होत आहेत. शेजारणींचे म्हणणे होते की बोअरचे पाणी बाधले आहे. आजीचे मत सरळ होते : “पोरीनं तेल लावाचं सोडलं, म्हणून केस उडून राह्यले.” मी तिच्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून आई मुलीला घेऊन माझ्याकडे आली. पुढे जे केले ते एकेक गोष्ट बदलून, म्हणजे बाकी सारे तसेच ठेवून केले. त्यामुळे कोणत्या उपायाचा किती वाटा आहे हे बऱ्यापैकी स्पष्ट दिसले. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले.

पहिला प्रश्न : हे केस नेमके कशाने उडतात?

उडणारे केस दिसायला सारखे असले तरी त्यामागची कारणे तीन असू शकतात, आणि उपाय करण्याआधी ती वेगळी काढावी लागतात. एक कारण म्हणजे स्थिर विद्युत. दुसरे म्हणजे केसांचा मूळचा पीळ किंवा खरबरीतपणा, ज्यामुळे केस फुगतात. तिसरे म्हणजे तुटलेले किंवा नव्याने उगवलेले आखूड केस, जे वेणीत सामावत नाहीत.

यांतला फरक ओळखायला उपकरण लागत नाही. फणी फिरवल्यावर लगेच तळहात केसांपासून दोन-तीन बोटे अंतरावर धरावा. केस हाताकडे ओढले गेले तर त्यांच्यावर विद्युतभार आहे. त्यानंतर तोच हात पाण्याने ओलावून, झटकून, केसांवरून एकदा हलकेच फिरवावा. भारामुळे उभे राहिलेले केस क्षणात खाली बसतात, कारण भार ओल्या हातातून शरीरात निघून जातो. पिळामुळे फुगलेले केस असे एका फटक्यात बसत नाहीत, आणि मुख्य म्हणजे ते पावसाळ्यात जास्त फुगतात. स्थिर विद्युतीचा त्रास मात्र पावसाळ्यात जवळजवळ नाहीसा होतो. आखूड केस ओल्या हाताने तेवढ्यापुरते चिकटतात आणि वाळले की त्याच जागी, त्याच दिशेने पुन्हा उभे राहतात.

या मुलीच्या बाबतीत हात जवळ नेताच डोक्यावरचे आणि वेणीच्या टोकाचे केस हाताकडे झुकले आणि ओला हात फिरवताच बसले. श्रावणात असा त्रास झाल्याचे आईला आठवत नव्हते. म्हणजे मुख्य कारण स्थिर विद्युतच होते. कपाळाच्या वरच्या कडेचे काही केस मात्र या परीक्षेत बसले नाहीत. त्यांच्याविषयी शेवटी लिहिते.

केस गळण्याचा संशयही याच वेळी तपासला. फणीत आलेले केस पाहिले तेव्हा ते पूर्ण लांबीचे आणि मुळाशी बारीक पांढरा ठिपका असलेले होते, आणि तेही थोडेच. असे केस रोज काही प्रमाणात जातातच. तेव्हा गळतीची काळजी सोडून द्यावी, असे आईला सांगता आले.

हवेचा वाटा

दोन वेगळे पदार्थ एकमेकांना लागून दूर होतात तेव्हा एकाकडून दुसऱ्याकडे थोडा विद्युतभार जातो. केस आणि प्लास्टिकची फणी या जोडीत केसांवर धन भार राहतो आणि फणीवर ऋण. प्रत्येक केसावर सारखाच भार असल्यामुळे केस एकमेकांना दूर लोटतात आणि पसरतात. हे घासणे वर्षभर चालू असते. पण हवा दमट असते तेव्हा केसांच्या पृष्ठभागावर ओलाव्याचा अतिशय पातळ थर असतो आणि तयार झालेला भार त्यातून लगेच वाहून जातो. केस कोरडे पडले की त्यांचा विद्युतरोध कित्येक पटींनी वाढतो आणि भार साचत राहतो. म्हणजे फणी आणि कापड भार निर्माण करतात, आणि कोरडी हवा तो जाऊ देत नाही.

आता विदर्भातील थंडीचा एक विशेष लक्षात घ्यावा लागतो. थंड देशांतील घरे आतून तापवलेली असतात, म्हणून तिथे घराच्या आत हवा कोरडी होते. आपल्याकडे घर तापवत नाहीत. आपल्याकडे पहाट आणि दुपार यांच्या तापमानात मोठा फरक असतो आणि हवा दुपारकडे कोरडी होत जाते. समजा, पहाटे 12 अंश तापमान आहे आणि सापेक्ष आर्द्रता 80 टक्के आहे. 12 अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण साडेदहा ग्रॅम वाफ मावते, म्हणजे त्या वेळी हवेत साडेआठ ग्रॅम वाफ असते. दुपारी तापमान 30 अंशांवर गेले की त्याच हवेत 30 ग्रॅम वाफ मावू शकते, पण असते तेवढीच साडेआठ ग्रॅम. सापेक्ष आर्द्रता मग 28 टक्क्यांच्या आसपास येते. पहाटे तुरीच्या पानांवर दव दिसते म्हणून हवा ओली आहे असे मानले जाते. पण अकरा वाजता तीच हवा केसांच्या दृष्टीने कोरडी झालेली असते.

या हिशेबाने या प्रकरणातील एक गुंता सुटला. मुलीचा त्रास दोन वेळांना सर्वांत जास्त होता : न्हाल्यानंतर उन्हात केस वाळवून विंचरताना, आणि अकराच्या सुमारास शाळेत स्कार्फ सोडताना. ज्या दिवशी न्हाणे नसे आणि सकाळी सातलाच घरात विंचरले जाई, त्या दिवशी वेणी घालताना फारसा त्रास होत नसे. उन्हात पाठ करून बसल्यावर केस सहज 40 अंशांपर्यंत तापतात. त्या तापमानाला हवेची वाफ धरण्याची क्षमता 50 ग्रॅमच्या वर जाते, म्हणजे तापलेल्या केसांलगतची हवा प्रत्यक्षात सतरा टक्क्यांइतकी कोरडी असते. केस खडखडीत वाळवून, ते तापलेले असतानाच, त्यांवरून प्लास्टिकची फणी फिरवणे हा भार साचवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, आणि या घरात आठवड्यातून दोनदा नेमके तेच होत होते.

इथे विद्यार्थी एक रास्त शंका विचारतात. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांतील दुपार तर हिवाळ्याहूनही कोरडी असते. मग उन्हाळ्यात केस का उडत नाहीत? याची कारणे दोन आहेत. उन्हाळ्यात डोक्याला घाम येतो, आणि घामातील पाणी व क्षार केसांच्या मुळांकडून भार वाहून नेतात. दुसरे असे की उन्हाळ्यात अंगावर स्वेटर नसतो आणि डोक्याला सुती दुपट्टा असतो. हे उत्तर मला महत्त्वाचे वाटले, कारण त्यावरून दिसते की त्रासाचा बराच भाग अंगावरच्या कापडात आहे. हवा आपल्याला बदलता येत नाही. कापड बदलता येते.

फणी

तरीही सुरुवात फणीपासून केली, कारण ती बदलणे सर्वांत सोपे होते. घरात आठवडी बाजारातून आणलेली, जवळ-जवळ दातांची प्लास्टिकची फणी होती. तिच्याऐवजी कडुनिंबाच्या लाकडाची, रुंद दातांची फणी वापरायला दिली. बाकी सारे पूर्वीसारखेच ठेवले.

विंचरताना फरक पडला. केस पूर्वीसारखे फणीला चिकटून वर येत नव्हते आणि वेणी एका दमात घालता येऊ लागली. लाकडात नेहमी थोडा ओलावा असतो, त्यामुळे ते प्लास्टिकसारखा भार धरून ठेवत नाही. आणि केस व लाकूड यांच्यात भाराची देवाणघेवाणही कमी होते. रुंद दातांमुळे फणी आणि केस यांचा संपर्कही कमी झाला. मात्र लाकडी फणी सरसकट चांगली असते असे समजू नये. चकचकीत रोगण दिलेली फणी केसांना लाकूड म्हणून भेटतच नाही. तिचा पृष्ठभाग प्लास्टिकसारखाच वागतो. फणी घेताना ती हातात घेऊन पाहावी, रंग किंवा पॉलिश चढवलेली नको.

दुसरा दोष दातांच्या कडांचा असतो. स्वस्त लाकडी फण्यांचे दात करवतीने कापलेले असतात आणि दोन दातांमधल्या फटीत तुसे राहतात. ही तुसे केसांचे खवले उचकटतात, घर्षण वाढवतात आणि टोके तोडतात. तपासण्याची एक सोपी रीत आमच्या भागात सहज करता येते : कापसाचा छोटा पुंजका बोटांत धरून प्रत्येक फटीतून ओढावा. जिथे कापूस अडकून तंतू मागे राहतात, तिथे तुसे आहे. या मुलीच्या नव्या फणीत अशा काही जागा सापडल्या. बारीक पॉलिश पेपरची पट्टी दुमडून त्या फटीतून मागे-पुढे ओढली, मग फणीला खोबरेल तेलाचे बोट लावून रात्रभर ठेवली आणि सकाळी सुती फडक्याने पुसली. अशी फणी पाण्यात भिजत घालू नये. दात फुगतात आणि वाळताना चिरतात. मळ निघावा म्हणून जुना दात घासण्याचा ब्रश कोरडाच फिरवला तरी पुरतो.

स्टीलच्या फणीविषयीही आईने विचारले. धातूची फणी हातात धरलेली असते तोवर तिच्यावर भार साचत नाही, आणि ती स्पर्श करते तिथला केसांवरचा भारही काही प्रमाणात काढून घेते. म्हणून उभे राहिलेले केस तेवढ्यापुरते बसवायला ती उपयोगी पडते. पण केस स्वतः भार वाहून नेत नाहीत, त्यामुळे फणीचा दात जिथे लागला नाही तिथला भार तसाच राहतो. शिवाय तिचे दात डोक्याच्या कातडीला बोचतात आणि गुंता ओढून तोडतात. रोज गुंता काढण्यासाठी मी ती सुचवली नाही.

फणी बदलल्याने शाळेतील त्रास मात्र कमी झाला नाही. स्कार्फ सोडताच केस पूर्वीइतकेच उभे राहत होते. लाकडी फणी घेऊनही फरक पडला नाही असे अनेक जण सांगतात, त्याचे कारण इथे स्पष्ट दिसते : फणीने न दिलेला भार नंतर कापडाने दिलेला असतो. आणखी एक मर्यादा आहे. अतिशय कोरड्या दुपारी लाकूडही सुकते आणि त्याचा फायदा घटतो.

कापड

मुलीचा स्कार्फ पॉलिएस्टरचा होता आणि स्वेटर घरात सगळे लोकरीचा म्हणत असले तरी तो ॲक्रिलिकचा होता. आपल्या बाजारात मिळणारे बहुतेक स्वस्त स्वेटर, टोप्या आणि शाली ॲक्रिलिकच्याच असतात. खात्री करण्यासाठी आतल्या शिवणीतला एक धागा काढून तो चिमट्यात धरून जाळून पाहिला. हे काम मोठ्या माणसानेच, मोकळ्या जागी आणि एकाच धाग्यावर करावे. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटाने चुरडता येते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याची कडक काळी गाठ बनते. इथे कडक गाठच झाली. सुती धागा असता तर तो कागदासारखा जळून मऊ करडी राख राहिली असती.

कापडांमधला फरक दोन ठिकाणी असतो. ॲक्रिलिक आणि पॉलिएस्टर केसांवर घासले की स्वतः ऋण भार घेतात आणि केसांवर भरपूर धन भार ठेवतात. धन भार घेणारे आणि ऋण भार घेणारे पदार्थ क्रमाने मांडले तर कापूस जवळजवळ मध्यावर येतो, म्हणून देवाणघेवाण थोडी होते. शिवाय कापूस हवेतील ओलावा धरून ठेवतो. नेहमीच्या प्रमाणित हवेत सुती धाग्यात त्याच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी असते, तर पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नसते. त्यामुळे सुती कापडातून भार निघून जातो आणि पॉलिएस्टरमध्ये साचून राहतो.

सायकलवर थंड वारा लागतो, म्हणून स्कार्फ काढून टाकणे शक्य नव्हते. त्याऐवजी जुन्या सुती साडीचा चौकोनी तुकडा कापून, कडा दुमडून, तो आधी डोक्याला बांधायचा आणि त्यावरून नेहमीचा स्कार्फ घ्यायचा, असे ठरवले. केसांना केवळ सूत लागते. पॉलिएस्टर सुतावर घासते, आणि त्याचा भार केसांपर्यंत फारसा पोचत नाही. जुनी साडी मुद्दाम घेतली, कारण अनेकदा धुतलेले सूत मऊ होते आणि कोऱ्या कापडातली खळ त्यात राहत नाही. सोडताना स्कार्फ ओढून न काढता आधी वरचा सोडावा, मग सुती तुकडा डोक्यावरून मागे सरकवत न घासता वर उचलावा, असे तिला दाखवले. घासणे जितके कमी, तितका भार कमी.

या एका बदलाचा परिणाम फणीपेक्षा कितीतरी जास्त झाला. शाळेत पोचल्यावर केस उभे राहणे जवळजवळ थांबले. मला स्वतःला या सगळ्या उपायांत हाच सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याला काही खर्चही नाही.

स्वेटरचा प्रश्न क्रम बदलून सुटला. आधी वेण्या घालायच्या आणि मग स्वेटर डोक्यावरून घालायचा, असा घरातला क्रम होता. म्हणजे नुकत्याच विंचरलेल्या कोरड्या केसांवरून ॲक्रिलिक ओढले जात होते. स्वेटर आधी घालायचा, खांद्यावर सुती पंचा टाकायचा आणि मग वेण्या घालायच्या, असे केले. पंचामुळे मोकळे केस पाठीवर स्वेटरला घासत नाहीत. पुढच्या वर्षी स्वेटर घ्यायचा झाल्यास पुढून बटणे असलेला घ्यावा, हेही आईला सांगितले. रात्रीच्या उशीला पॉलिएस्टरचा गुळगुळीत अभ्रा होता. तो बदलून सुती घातला. झोपताना केस मोकळे न ठेवता सैल वेणी घालायची, एवढेच त्यात वाढवले.

ठिणगीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. स्वेटर काढताना बसणारा चटका अंगाला अपाय करत नाही. पण गाडीत पेट्रोल भरत असताना टाकीजवळ उभे राहून स्वेटर किंवा स्कार्फ काढू नये. तिथल्या वाफेला तेवढी ठिणगी पुरू शकते.

न्हाणे, वाळवणे आणि तेल

न्हाण्याच्या पद्धतीत तीन बदल केले. पहिला बदल वाळवण्याचा होता. केस टॉवेलने चोळण्याऐवजी सुती पंचात दाबून टिपायचे, मग सावलीत किंवा घराच्या ओट्यावर वाळवायचे. उन्हात बसायचेच असेल तर केस अजून थोडे दमट आहेत तोवर सावलीत यायचे आणि विंचरून वेणी घालायची. यात एक तोल सांभाळावा लागतो. चिंब ओला केस ताणला जातो आणि सहज तुटतो, म्हणून निथळत्या केसांत फणी घालू नये. आणि पूर्ण वाळून तापलेल्या केसांत भार साचतो. मुळांकडे हाताला केस कोरडे लागतात पण मधल्या लांबीत अजून गार लागतात, ती वेळ योग्य. आईला ही खूण लगेच समजली, कारण ती हाताने कळते. विंचरताना फणी टोकांपासून सुरू करून हळूहळू वर न्यायची.

दुसरा बदल कंडिशनरचा. ही मुलगी शाम्पूची पुडी वापरत होती आणि कधी शाम्पू संपला की अंगाचा साबण लावत होती. साबण अल्कधर्मी असतो आणि बोअरच्या जड पाण्यात त्याचा चिकट साका केसांवर बसतो; त्याने केस खरबरीत होतात. शेजारणींच्या म्हणण्यात एवढे तथ्य होते. पाणी एकटे दोषी नव्हते, पाणी आणि साबण यांची जोडी दोषी होती. साबण बंद केला. शाम्पूनंतर कंडिशनरची एक छोटी पुडी घेऊन त्यातले बोटाच्या पेराएवढे मिश्रण फक्त कानाखालच्या केसांना लावायचे, दोन मिनिटे ठेवायचे आणि धुवायचे. कंडिशनरमधले मुख्य घटक धन भाराचे असतात आणि धुतलेल्या केसांचा पृष्ठभाग ऋण असतो, म्हणून ते धुतल्यावरही केसाला धरून राहतात. पृष्ठभाग गुळगुळीत करतात आणि थोडा ओलावा राखतात. घर्षण कमी होते आणि भार निघून जायला वाटही मिळते. दोन्ही बाजूंनी काम करणारा हा एकच उपाय आहे. कंडिशनर डोक्याच्या कातडीला लावू नये. केस चिकट होतात आणि लवकर मळतात.

तिसरी गोष्ट तेल. आजीचे म्हणणे अर्धे बरोबर होते. तेल वीज वाहून नेत नाही, त्यामुळे तेलाने भार जात नाही. पण तेलाने केसांवरून फणी आणि कापड सरकते, भार कमी तयार होतो, आणि केस किंचित जड होऊन एकमेकांना धरून राहतात. त्यासाठी दोन-तीन थेंब पुरतात. पूर्वी आजी वाटीभर तेल चोळायची, ते टोपीसारखे डोक्याला बसायचे आणि सायकलवरून जाताना रस्त्याची सारी धूळ त्याला चिकटायची. म्हणूनच मुलीने तेल लावणे सोडले होते. दोघींना मान्य होईल असा मार्ग निघाला : न्हाण्याच्या आदल्या रात्री आजीने मनासारखे तेल लावावे, आणि शाळेच्या दिवशी फक्त दोन थेंब तळहातावर चोळून वेणीच्या टोकांवर आणि भांगाच्या कडेला फिरवावेत. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठते, कारण ते साधारण 24 अंशांखाली घट्ट होते. गोठलेला गोळा बोटाने खरवडून लावला की एका जागी थापला जातो, म्हणून बाटली आधी कोमट पाण्यात उभी ठेवावी.

शाळेत अचानक केस उभे राहिले तर काय करायचे, हेही तिला दाखवले. हात नळाखाली ओले करून झटकायचे, तळहात भांगापासून मागे फिरवायचे आणि मग लोखंडी खिडकीच्या गजाला हात लावायचा. याचा परिणाम थोडाच वेळ टिकतो, कारण पाणी पटकन उडून जाते. जास्त टिकावे म्हणून एका कप पाण्यात पाव चमचा ग्लिसरीन मिसळून ते थेंबभर हाताला लावता येते. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते. प्रमाण वाढवले तर मात्र केस चिकट होतात आणि धूळ बसते. कोरफडीचा गरही घरी आहे म्हणून आईने लावून पाहिला होता. वाळल्यावर त्याचे पापुद्रे केसांत दिसू लागले, तेव्हा तो थांबवायला सांगितले.

जे बाकी राहिले

या बदलांनंतर जानेवारीच्या कडक थंडीतही वेणी घालणे सोपे राहिले आणि स्कार्फ सोडताना होणारा त्रास क्वचित, तोही अगदी कोरड्या दिवशी, जाणवतो. कंडिशनरची पुडी संपली आणि आठवडी बाजार लांब असला की त्या आठवड्यात विंचरताना केस पुन्हा थोडे उडतात. सुती तुकडा धुऊन वाळला नाही म्हणून एकदा तिने नुसता स्कार्फ बांधला, तर त्या दिवशी केस पूर्वीसारखेच उभे राहिले. तेव्हापासून आईने तसाच दुसरा तुकडा कापून दिला आहे.

कपाळाच्या कडेचे केस मात्र कशानेच बसले नाहीत. ते दोन-तीन बोटे लांबीचे आहेत आणि जवळून पाहिले की त्यांतल्या काहींची टोके बारीक, निमुळती दिसतात, म्हणजे ते नवे उगवत आहेत. काहींची टोके मात्र बोथट, तुटलेली आहेत. तुटण्याचे कारण दोन वेण्या फार घट्ट ओढून बांधणे हे असावे, कारण भांगाच्या शेजारची कातडी ताणलेली दिसते आणि वेणी सोडल्यावर तिथे दुखते असे मुलगी सांगते. तेथे फणी, कापड किंवा कंडिशनर यांचा उपयोग नाही. वेणीचा पहिला पेड कानाच्या मागून सैल सुरू करावा आणि रबराऐवजी कापडी फितीने बांधावे, असे सुचवले आहे. नवे केस वेणीत सामावायला वर्षभर लागेल. तोवर त्या कडेला तेलाचा एक थेंब बोटाने लावणे एवढेच करता येते.